पोस्टातल्या आरडीचे चार हप्ते थकले, तेव्हा: दंड, दोन महिन्यांची मुदत आणि शेवटी आलेली रक्कम

आईची पोस्टातली पाच वर्षांची आरडी ७ जुलै २०२५ ला पूर्ण झाली. मधे, २०२३ च्या शेवटी, तिचे सलग चार हप्ते थकले होते. ते कसे भरले, दंड किती लागला, खातं बंद पडण्यापासून कसं वाचलं आणि शेवटच्या रकमेत नेमका किती फरक पडला, हे सगळं आकड्यांसह लिहून ठेवतो आहे. ज्यांच्या घरात असं एखादं थकलेलं पासबुक कपाटात पडलं असेल त्यांनी हे वाचून पोस्टात जावं, एवढ्यासाठीच.

आधी खात्याची माहिती. खातं ७ जुलै २०२० ला उघडलं. हप्ता महिना ३,००० रुपये, एकूण ६० हप्ते. त्या तिमाहीत आरडीचा दर ५.८ टक्के होता. पोस्टाच्या आरडीत खातं उघडताना जो दर असतो तोच पूर्ण पाच वर्षं राहतो. त्यामुळे ऑक्टोबर २०२३ पासून नव्या खात्यांना ६.७ टक्के मिळू लागले तरी या खात्याला ५.८ च लागू होते. व्याज दर तिमाहीला चक्रवाढ होतं.

दुसरी गोष्ट हप्त्याच्या तारखेची, आणि थकबाकीचा सगळा हिशेब तिच्यावरच उभा आहे. खातं महिन्याच्या १५ तारखेपर्यंत उघडलं असेल तर पुढचा प्रत्येक हप्ता त्या त्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावा लागतो. १६ तारखेपासून पुढे उघडलं असेल तर महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत. आईचं खातं ७ तारखेचं, म्हणजे तिची शेवटची तारीख १५. पुष्कळ लोक ‘महिना संपायच्या आत भरलं की झालं’ असं धरून चालतात. पहिल्या पंधरवड्यातल्या खात्याला ते लागू नाही. २० तारखेला भरलेला हप्ता त्याच महिन्यातला असला तरी तो थकलेलाच धरतात.

हप्ते आमच्या भागातल्या अल्पबचत एजंट ताई घरी येऊन नेत असत. ऑगस्ट २०२३ नंतर त्यांनी काम थांबवलं आणि त्या दुसऱ्या गावी गेल्या. सप्टेंबर ते डिसेंबर असे चार हप्ते भरलेच गेले नाहीत. एजंटकडून पैसे भरणाऱ्यांनी इथे एक लक्षात ठेवावं. घरी जे कार्ड असतं त्यावर एजंटची सही असते, पण पैसे खात्यात कधी जमा झाले हे फक्त पासबुकात दिसतं. कार्डावर १० तारखेची सही आहे आणि पोस्टात रक्कम १८ तारखेला पोचली, तर पोस्टाच्या लेखी हप्ता थकला. म्हणून दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी पासबुक भरून आणून कार्डाशी ताडून पाहावं.

२८ डिसेंबर २०२३ ला पासबुक भरून घेतलं. शेवटची नोंद ऑगस्टची, शिल्लक १,१४,००० रुपये. आरडीचं पासबुक वाचायची एक सोपी रीत आहे: शिल्लक भागिले हप्ता. १,१४,००० भागिले ३,००० म्हणजे ३८. खातं जुलै २०२० चं, म्हणजे डिसेंबर २०२३ हा बेचाळिसावा महिना. बेचाळीसमधून अडतीस गेले, चार हप्ते बाकी. व्याज या शिलकेत मिसळलेलं नसतं, म्हणून हा भागाकार नेहमी पूर्ण सुटतो. सुटला नाही तर एखादी नोंद चुकलेली आहे असं समजावं आणि तिथेच विचारावं.

काउंटरवरच्या बाईंनी खाते क्रमांक टाकून पाहिला आणि म्हणाल्या, “काकू, चार झालेत. अजून चालू करता येईल, पण आता लांबवू नका.”

त्यांच्या त्या वाक्यात खरा नियम आहे. सलग चार हप्ते थकले की खातं खंडित होतं. मात्र चौथा हप्ता थकल्यापासून दोन महिन्यांच्या आत सगळी थकबाकी दंडासह भरली तर ते पुन्हा सुरू करता येतं. ही दोन महिन्यांची मुदत गेली की त्या खात्यात पुढे एकही हप्ता घेत नाहीत. आमचा चौथा हप्ता १५ डिसेंबरला थकला होता, म्हणजे फेब्रुवारी २०२४ च्या मध्यापर्यंत वेळ होता. घरात कुणाचे तीनच हप्ते थकले असतील तर ही घाई अजून लागलेली नाही. चार झाले असतील तर मात्र त्या पंधरा तारखेपासून दिवस मोजायला घ्यावेत.

त्याच वेळी आधारबद्दलही विचारलं गेलं. अल्पबचतीच्या जुन्या खात्यांना आधार क्रमांक देण्याची मुदत ३० सप्टेंबर २०२३ होती आणि ज्यांनी तो दिला नाही त्यांची खाती १ ऑक्टोबरपासून गोठवायची होती. आईचा आधार आधीच जोडलेला निघाला. तुमचं खातं जुनं असेल तर थकबाकी भरायला जाताना आधार आणि पॅन दोन्हीच्या प्रती सोबत न्या. पैसे घेऊन गेलात आणि खातं भलत्याच कारणाने अडकलेलं निघालं, तर तेवढ्यात पंधरा तारीख उलटून जाऊ शकते.

आता दंड. नियम ऐकायला सोपा आहे: १०० रुपयांच्या हप्त्याला, थकलेल्या दर महिन्याला १ रुपया. ३,००० च्या हप्त्याला दर महिन्याचे ३० रुपये. यावरून चार हप्ते थकले तर चार गुणिले तीस, म्हणजे १२० रुपये, असा अंदाज बहुतेक जण बांधतात. प्रत्यक्षात आकडा वेगळा येतो, कारण प्रत्येक हप्ता जितके महिने थकला तितक्या महिन्यांचा दंड त्याच्यावर वेगळा लागतो. सप्टेंबरचा हप्ता सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर अशा चार पंधरा तारखा चुकला. ऑक्टोबरचा तीन, नोव्हेंबरचा दोन आणि डिसेंबरचा एक. चार अधिक तीन अधिक दोन अधिक एक, दहा. दहा गुणिले तीस, ३०० रुपये.

हीच मांडणी १०० रुपयांच्या हप्त्याला धरली तर एक हप्ता थकल्यावर १ रुपया, दोन थकल्यावर ३, तीन थकल्यावर ६ आणि चार थकल्यावर १०. आपल्या हप्त्यात शंभर किती वेळा बसतात तेवढ्याने गुणायचं. ५०० च्या हप्त्याला चार महिन्यांचे ५० रुपये होतील, १०,००० च्या हप्त्याला १,०००.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की उशीर दिवसांत मोजला जात नाही, उलटून गेलेल्या तारखांत मोजला जातो. २८ डिसेंबरला भरले असते तरी ३०० लागले असते आणि १० जानेवारीला भरले तरी ३०० च. पण १६ जानेवारी उजाडली की जानेवारीचाही हप्ता थकतो, आधीचे चारही हप्ते आणखी एकेक महिना मागे जातात, आणि दहाचे पंधरा होतात. ३०० चे ४५०. म्हणून पैशांची जुळवाजुळव करायला दहा-बारा दिवस घ्यायचे असतील तर बिनधास्त घ्यावेत, पुढची पंधरा तारीख तेवढी ओलांडू देऊ नये.

चार हप्त्यांपर्यंत थकबाकी असेल तर आणखी एक वाट नियमात दिलेली आहे. जेवढे हप्ते थकले तेवढे महिने खात्याची मुदत पुढे ढकलून घ्यायची आणि राहिलेले हप्ते त्या वाढीव काळात भरायचे. आमच्या बाबतीत मुदत जुलै २०२५ ऐवजी नोव्हेंबर २०२५ झाली असती. हा पर्याय खातेदाराने स्वतः मागायचा असतो. काउंटरवर कुणी आपण होऊन सुचवेलच असं नाही. एकरकमी थकबाकी भरणं ज्यांना खरोखर जड जातं, नोकरी गेली आहे किंवा घरात आजारपण आहे, त्यांच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे आणि त्यांनी ती जरूर विचारावी. आमच्याकडे न भरलेल्या चार हप्त्यांचे पैसे आईच्या बचत खात्यात तसेच पडून होते. सगळी रक्कम चार महिने उशिरा घेण्यात अर्थ नव्हता, म्हणून दंड भरून मूळ मुदत कायम ठेवायची असं ठरवलं.

९ जानेवारी २०२४ ला पैसे भरले. चालू महिन्याचा हप्ता एकटा भरता येत नाही. आधी थकलेले हप्ते दंडासह घेतात आणि मगच चालू महिन्याचा. म्हणून एकदम पाच हप्ते, १५,०००, अधिक दंड ३००, असे १५,३०० रुपये.

पैसे भरायची स्लिप एसबी १०३ नावाची असते. तिचे दोन भाग असतात, एक पोस्टाकडे राहतो आणि दुसरा शिक्का मारून आपल्याला मिळतो. दोन्ही भागांवर हप्त्यांची रक्कम आणि दंड वेगवेगळे लिहावेत, नुसते १५,३०० लिहू नयेत. ‘पाच हप्ते, सप्टेंबर २०२३ ते जानेवारी २०२४, रु. १५,०००, दंड रु. ३००’ असं स्वच्छ लिहिलं. याचा उपयोग पासबुक भरून घेताना लगेच होतो. दंड हा दंडच असतो, तो आपल्या खात्यात जमा होत नाही. नवी शिल्लक १,१४,००० अधिक १५,००० म्हणजे १,२९,००० यायला हवी. तीन हजारांनी भागलं की ४३, आणि जानेवारी २०२४ हा त्रेचाळिसावा महिना. तशीच आली. तिथे १,२६,००० दिसली असती तर एक हप्ता कमी धरला गेला असता आणि पुढच्या महिन्यात पुन्हा दंड लागला असता. खिडकीपासून हलायच्या आधीच हा भागाकार करून घ्या. नंतर तीच गोष्ट सिद्ध करायला स्लिपा शोधत बसावं लागतं.

चेकने भरणार असाल तर एक सावधगिरी हवी. चेक दिल्याचा दिवस धरत नाहीत, तो वटून रक्कम जमा झाल्याचा दिवस धरतात. १३ तारखेला दिलेला चेक १६ ला वटला तर पंधरा तारीख हुकलीच. थकबाकी भरताना, विशेषतः ती दोन महिन्यांची मुदत संपत आलेली असताना, रोख किंवा पोस्टाच्याच बचत खात्यातून रक्कम वळती करून घेणं सुरक्षित.

आता, या ३०० रुपयांनी शेवटच्या रकमेत किती फरक पडला? काहीच नाही. थकलेले हप्ते दंडासह मुदतीत भरले की पोस्ट ते वेळेवर आले असंच धरतं आणि तक्त्याप्रमाणे पूर्ण रक्कम देतं. ५.८ टक्क्यांच्या तक्त्यात १०० रुपयांच्या हप्त्याला पाच वर्षांनी ६,९६९.६७ रुपये मिळतात. त्याच्या तीसपट म्हणजे २,०९,०९० रुपये. कुणाला स्वतः पडताळायचं असेल तर कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये हे टाकावं:

```
=3000*((1+0.058/4)^20-1)/(1-(1+0.058/4)^(-1/3))
```

यात 3000 हा हप्ता, 0.058 हा वर्षाचा दर आणि 20 म्हणजे पाच वर्षांतल्या तिमाही. ६.७ टक्क्यांच्या खात्यासाठी दर 0.067 करा, १०० च्या हप्त्याला सुमारे ७,१३६ रुपये ५८ पैसे येतील. आपल्या पासबुकावरचा दर टाकून हा आकडा आधीच काढून ठेवला की शेवटी मिळालेली रक्कम बरोबर आहे की नाही ते एका नजरेत कळतं.

मग दंडाने आपलं नुकसान होतं ते कुठे? तर ते खात्याबाहेर होतं. एकच हप्ता घेऊन बघू. सप्टेंबर २०२३ चा ३,००० चा हप्ता वेळेवर भरला असता तर तो जुलै २०२५ पर्यंत बावीस महिने राहून सुमारे ३,३३४ रुपये झाला असता. तोच जानेवारी २०२४ मध्ये भरला आणि पोस्टाने कुठलाही दंड न घेता फक्त राहिलेल्या अठरा महिन्यांचं व्याज दिलं असतं, तर सुमारे ३,२७१ झाले असते. म्हणजे उशिरामुळे बुडणारं व्याज साधारण ६३ रुपये. पोस्ट हे ६३ रुपये बुडू देत नाही, पूर्ण ३,३३४ देतं, पण त्याबदल्यात या हप्त्यावर चार महिन्यांचे १२० रुपये आधी घेतं.

चारही हप्त्यांचं मिळून असंच प्रमाण पडतं. दंडाचा दर महिन्याला एक टक्का, म्हणजे वर्षाला बारा टक्के. खात्याचा व्याजदर त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून आमच्या खात्यात उशिराची किंमत बुडालेल्या व्याजाच्या जवळजवळ दुप्पट भरली. तेवढ्या काळात तो पैसा ४ टक्के देणाऱ्या बचत खात्यात पडून असेल तर साधारण शंभर रुपये तिकडे मिळतात. तेव्हा आईचा निव्वळ तोटा दोनशेच्या आसपास. पाच वर्षांच्या २९,०९० रुपये व्याजासमोर ही रक्कम फार मोठी नाही.

मोठा फटका दंडाचा नसतो, खातं खंडित राहण्याचा असतो. दंडाच्या धास्तीने किंवा पोस्टात कुणी बोलेल या संकोचाने लोक जातच नाहीत आणि दोन महिने निघून जातात, हे मला फार लागतं. समजा आम्ही गेलोच नसतो. अडतीस हप्त्यांवर खातं थांबलं असतं आणि उरलेल्या बावीस हप्त्यांना त्यात जागाच उरली नसती.

आणि वैतागून खातं जानेवारी २०२४ मध्ये बंद करायचं ठरवलं असतं तर? पोस्टाची आरडी तीन वर्षांनंतर मुदतीआधी बंद करता येते, पण तेव्हा आरडीचा दर मिळत नाही, बचत खात्याचा मिळतो. मुदत संपायला एक दिवस बाकी असला तरी हाच नियम. तेव्हा बचत खात्याचा दर ४ टक्के होता. १,१४,००० वर साध्या व्याजाने मोजलं तर ४ टक्क्यांनी सुमारे ८,९३० रुपये होतात आणि ५.८ टक्क्यांनी सुमारे १२,९५०. चार हजारांचा फरक. तीनशे रुपयांचा दंड टाळायला चार हजार सोडून देणं कुणालाच परवडणारं नाही. ‘हप्ते थकलेत, आता मोडूनच टाकू’ असं घरात कुणी म्हणत असेल तर हे दोन आकडे समोर ठेवा.

बँकेतल्या आरडीचे नियम वेगळे असतात, म्हणून पोस्टाचं गणित तिथे जसंच्या तसं लावू नये. उदाहरणार्थ, स्टेट बँकेत पाच वर्षांपर्यंतच्या आरडीला दर १०० रुपयांमागे महिन्याला दीड रुपया दंड आहे आणि पाच वर्षांवरच्या आरडीला दोन रुपये. आमच्याच थकबाकीला दीड रुपयाने ४५० झाले असते. सलग सहा हप्ते आले नाहीत तर तिथे खातं मुदतीआधीच बंद करून शिल्लक परत देतात. काही बँका दंड त्या त्या वेळी न घेता शेवटच्या रकमेतून कापतात, आणि मग पावतीवर छापलेली रक्कम आणि हातात आलेली रक्कम जुळत नाही. बँकेची आरडी असेल तर दंड केव्हा वसूल होणार हे शाखेत आधी विचारून घ्या.

खातं सुरू झाल्यावर पुढचे हप्ते चुकू नयेत याची सोय त्याच महिन्यात केली. आईचं त्याच पोस्टात बचत खातं आहे. त्यातून दर महिन्याच्या ५ तारखेला ३,००० रुपये आरडीत वळते करावेत असा स्थायी सूचनेचा अर्ज दिला. तारीख मुद्दाम ५ धरली. बचत खात्यात पैसे कमी पडून रक्कम वळती झाली नाही तरी पंधरा तारखेपर्यंत ते लक्षात यायला आणि जाऊन भरायला वेळ मिळतो. बचत खात्यात किमान ५०० रुपये शिल्लक राहावी लागते, हे धरून ५ तारखेला साडेतीन हजार तरी असतील असं बघावं. पहिल्या महिन्यात रक्कम खरंच गेली का ते पासबुक भरून तपासलं. अर्ज दिला म्हणजे सोय सुरू झाली असं गृहीत धरू नये.

आता एक गोष्ट जी फार थोड्या लोकांना माहीत असते. हप्ते उशिरा भरले तर जसा दंड आहे तशी हप्ते आगाऊ भरले तर सूटही आहे. किमान सहा हप्ते एकदम आगाऊ भरले तर १०० च्या हप्त्यामागे १० रुपये सूट मिळते, बारा हप्ते एकदम भरले तर ४० रुपये. खातं खंडित झालेलं नसावं एवढी अट. ३,००० च्या हप्त्याला सहा हप्त्यांची सूट ३०० रुपये, म्हणजे आमच्या चार महिन्यांच्या दंडाएवढीच. ८ जुलै २०२४ ला जुलै ते डिसेंबर असे सहा हप्ते एकत्र भरले. १८,००० ऐवजी १७,७०० द्यावे लागले. त्याआधी जुलैपासूनची स्थायी सूचना लेखी अर्ज देऊन थांबवली होती, नाहीतर ५ तारखेला जुलैचा हप्ता आपोआप गेला असता.

स्लिपवर पुन्हा स्पष्ट लिहिलं: सहा हप्ते रु. १८,०००, सूट रु. ३००, रोख रु. १७,७००. पासबुकात शिल्लक मात्र पूर्ण १८,००० ने वाढायला हवी, १७,७०० ने नाही. दंडाच्या वेळी जे पाहिलं त्याच्या बरोबर उलट. जूनपर्यंत ४८ हप्ते म्हणजे १,४४,००० होते, ते १,६२,००० झाले, म्हणजे ५४ हप्ते. ही सूट फुकट नसते हेही सांगायला हवं. डिसेंबरचा हप्ता पाच महिने आधी गेला, नोव्हेंबरचा चार, असं मिळून बचत खात्यातलं साधारण दीडशे रुपयांचं व्याज सुटतं. तरी निव्वळ दीडशे पदरात पडतात. पैसे बचत खात्यात नुसते पडून असतील तर हे करावं. त्यासाठी कर्ज काढू नये की घरखर्च अडवू नये.

जानेवारी २०२५ पासून पुन्हा ५ तारखेची सूचना सुरू केली. साठावा हप्ता जून २०२५ मध्ये गेला. पासबुकात शिल्लक १,८०,००० दिसली, भागाकार साठ.

७ जुलै २०२५ हा सोमवार होता. खातं बंद करण्याचा अर्ज, आरडीचं पासबुक, बचत खात्याचं पासबुक आणि आधार-पॅनच्या प्रती दिल्या. वीस हजार किंवा त्याहून जास्त ठेव रोख परत मिळत नाही, ती बचत खात्यात जमा होते किंवा चेकने मिळते. ज्यांचं पोस्टात बचत खातं नाही त्यांनी मुदत संपायच्या महिनाभर आधी उघडून ठेवावं, म्हणजे त्या दिवशी खोळंबा होत नाही. अर्जावरची सही खातं उघडतानाच्या सहीशी जुळायला हवी. वयस्कर लोकांची सही पाच वर्षांत बदलते, तेव्हा तशी शंका असेल तर आधी नवी सही नोंदवून घ्यावी.

संध्याकाळपर्यंत बचत खात्यात २,०९,०९० रुपये जमा झाले. तक्त्यातून काढलेला आकडा हाच. कमी आले असते तर पहिला प्रश्न विचारायचा तो हप्त्यांच्या संख्येचा: पोस्टाच्या नोंदीत साठच आहेत का? दुसरा दराचा: खातं उघडलेल्या तारखेचाच दर लावला आहे का? आणि तिसरा, थकलेले हप्ते ज्या दिवशी दंडासह भरले त्या दिवसाची नोंद लागलेली आहे का? यासाठी ९ जानेवारी २०२४ ची शिक्का मारलेली स्लिप त्या दिवशीही पासबुकाच्या प्लास्टिकच्या कव्हरात होती. पैसे जमा होईपर्यंत ती तिथून काढू नये.